रविवारचं तेल

अण्णांची बायको गेल्यापासून घरात दोनच गोष्टी नियमाने होत. सकाळचा चहा आणि रविवारचं तेलपाणी. पूर्वी ती रविवारी शिलाई मशीनला तेल घाली आणि हात तेलकट झालेच आहेत म्हणून दारांच्या बिजागऱ्याही उरकून घेई. आता मशीन बंद पडून होतं, पण तेलाची कुपी अण्णांनी चालू ठेवली होती. बिजागऱ्या झाल्या की ते खिडकीच्या चौकटीत वर आणि खाली बसवलेल्या, पल्ला उघडला की उलगडणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांकडे वळत. त्यांनाही दोन-दोन थेंब. भेदभाव नको.

खिडकी मात्र दिवसेंदिवस बिथरत चालली होती. पल्ला बाहेर ढकलून हात काढला की वाऱ्याबरोबर मागे येऊन चौकटीवर आदळे. त्या आदळण्याने कडीही सैल झाली होती. हँडल फिरवलं तरी तिची जीभ चौकटीवरच्या पट्टीत धड अडकत नसे. अण्णांनी पल्ल्याला सुतळी बांधून पाहिली. सुतळी तुटली.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा जिन्यातच गाठलं. "अण्णा, तुमची खिडकी वाजली की माझं दूध उतू जातं."

"मंद आचेवर ठेवा."

"खिडकी मंद आचेवर ठेवता येते का ते बघा आधी."

मग वहिनींनी थेट अण्णांच्या मुलालाच फोन केला. मुलगा दुसऱ्या गावी. त्याचा अण्णांना फोन आला. "तिथे न उघडणारी पक्की काच बसवून टाकू. वर एसी लावू. कटकटच मिटेल. शनिवारी माणूस माप घ्यायला येईल."

अण्णा "बरं" म्हणाले. मुलाला बरं म्हणायची सवयच होती त्यांना. पण फोन ठेवल्यावर ते खिडकीशी जाऊन बसले. खालून वहिनींच्या सुनेचा आवाज येत होता, नातवाचं पाठांतर चाललं होतं, कुणीतरी कुणाला तरी "आधी पाय धू" म्हणत होतं. या घरात दिवसभरात ऐकू येणारी माणसं एवढीच. पक्की काच बसली की तीही जाणार.

शनिवारच्या आत खिडकी सुधारली पाहिजे होती. अण्णांनी कोपऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या दुकानातल्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने पल्ला उघडून खालच्या पट्टीचा सरकणारा तुकडा पाहिला, त्यातला छोटा स्क्रू आवळला, तसाच वरचाही आवळला. पल्ला सोडला. पल्ला तसाच मागे आला. अजून आवळलं. तरी तेच.

"ही पट्टी, म्हणजे स्टे, बदलावा लागणार, काका."

"उद्या मिळेल?"

"मागवावा लागेल. पुढचा आठवडा धरा." तो हात पुसू लागला आणि थबकला. बोटं चोळून पाहिली. "इथे तेल कुणी घातलं?"

"मी. दर रविवारी."

"का?"

अण्णांनी बंद मशीनकडे पाहिलं. "ही घालायची," ते म्हणाले. ते खरं नव्हतं. ती फक्त दारांना घालायची. खिडक्या ही अण्णांची स्वतःची भर होती.

मिस्त्री हसला नाही. "काका, दार सहज फिरावं म्हणून तेल. हा पल्ला जिथे सोडाल तिथे थांबावा म्हणून इथे थोडं घासत राहायलाच पाहिजे. तुम्ही त्याला लोणी लावलंय."

त्याने स्पिरिटमध्ये फडकं बुडवून दोन्ही पट्ट्या आणि सरकायच्या खाचा पुसल्या, कोरड्या होऊ दिल्या. जादा आवळलेले स्क्रू सैल करून वरचा आणि खालचा सारखेच, थोडे-थोडे आवळत आणले. पल्ला अर्धा उघडून सोडला. वारा आला, पल्ला किंचित हलला आणि तिथेच राहिला. मग कडीची चौकटीवरची पट्टी सैल करून जरा सरकवली, जीभ नीट बसते हे पाहून पक्की केली.

अण्णांनी मुलाला फोन केला. माप घ्यायला कुणी यायला नको, म्हणाले. मुलाने दोनदा विचारून खात्री केली. अण्णा असं बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा होता, पण घर शांत होतं. अण्णा चहा घेत असताना दारावर जोरजोरात थाप पडली. वहिनी. जिना चढून धाप लागलेली, हातात दुधाचा डाव तसाच.

"बरे आहात ना?"

"का? काय झालं?"

"खिडकी वाजली नाही." त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "रोज वाजते. वाजली की कळतं, उठलात."

"तुम्हीच तर तक्रार केली होती."

"तक्रार वेगळी." त्यांनी आत न येता खिडकीकडे पाहिलं. "राहते का आता उघडी?"

"राहते."

"मग खोकत जा थोडं," असं म्हणून त्या खाली गेल्या. दूध होतं गॅसवर.

रविवारी अण्णांनी कुपी काढली. बिजागऱ्या केल्या. खिडकीपाशी आल्यावर टोपण लावलं आणि मग मशीनवरची खोळ काढून, तिने शिकवलं नव्हतं तरी, जिथे भोकं दिसली तिथे एकेक थेंब सोडला. खाली नातवाचं पाठांतर अडलं होतं. अण्णा खिडकीशी आले आणि एकदा खोकले.