हाताने ठेवलेला दगड

आमच्या गावामागची टेकडी मी लॅपटॉपवर उभी केली ती पोटापाण्यासाठी, भावनेसाठी नाही. पुण्याच्या एका स्टुडिओला गेमसाठी कोरडा, खडकाळ मुलूख हवा होता. परकी टेकडी कशाला घ्यायची म्हणून मी आपलीच घेतली. उपग्रहाने मोजलेली उंची फुकट मिळते. ही मोजणी जुनी, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. म्हणजे टेकडी पूर्ण होती तेव्हाची. पुढे महामार्गासाठी मुरूम न्यायला मशिनं आली आणि तिची मागची बाजू पोखरून गेली. गेमला त्याचं काय?

बोडक्या टेकडीवर झाडं आणि दगड पेरायचे होते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हे काम जॉमेट्री नोड्स करतात. एक नोड जमिनीवर ठिपके विखुरतो, दुसरा प्रत्येक ठिपक्यावर झाड नाहीतर दगड बसवतो. माझ्याकडे पळसाचे तीन नमुने होते आणि दगडांचे पाच. पण तेच तेच सारखे उभे दिसले तर बघणाऱ्याला लगेच कळतं, म्हणून प्रत्येकाचा आकार थोडा लहानमोठा करायचा आणि प्रत्येकाला वेगवेगळं फिरवायचं. ते 'रँडम व्हॅल्यू' नावाचा नोड करतो. झाड फक्त उभ्या अक्षाभोवती फिरवायचं. पहिल्यांदा मी तिन्ही अक्षांभोवती फिरवलं, तर सगळे पळस दारू पिऊन लोळल्यासारखे आडवे झाले. दगड मात्र कसाही फिरवा, त्याला वरची बाजू, खालची बाजू असं काही नसतं. निदान मला तसं वाटत होतं.

आई दुपारी मेथीच्या जुड्या बांधत शेजारी बसायची. माझं काम तिला बिनकामाचं वाटायचं आणि ती ते लपवायचीही नाही. त्या दिवशी मी सीड बदलत होते. सीड म्हणजे नुसता एक आकडा, पण तो बदलला की टेकडीवरचे सगळे दगड एका क्षणात दुसरीकडे जाऊन बसतात. चांगली मांडणी मिळेपर्यंत मी आकडे फिरवत होते.

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"हे आपली टेकडी हाय ना?"

"हो."

"मंग दगडं कायले हलवून राह्यली?"

मी हसले. "आई, खोटे दगड हायेत ते. कुठंबी बसले तरी चालते."

"सारेच नाही चालत," ती म्हणाली. तिचा आवाज असा झाला होता की मी माउस सोडला.

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता, एवढं मला ठाऊक होतं. बारशाआधीच गेला, त्यामुळे त्याला नाव नाही. एवढ्याशा जिवाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात, आणि कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. ते काम पुरुषांचं. आई गेली नव्हती. नंतर कधी विचारलं तर घरातल्या बाया म्हणायच्या, विचारू नको, पाठचं मूल पोटात आहे. पोटातलं ते मूल म्हणजे मी. मी जन्मले आणि तिचं विचारणं राहूनच गेलं.

"तुमी या बरं इकडं," तिने बाबांना हाक मारली. बाबा बाहेर वांग्याचे क्रेट धूत होते. आत आले, टॉवेलला हात पुसले, स्क्रीन बघितली आणि उभेच राहिले.

"लेकराले कुठं ठेवलं, थे दाखवा."

बाबा काही बोलणार नाहीत असं मला वाटलं. पण ते वाकले. मी टेकडी सावकाश फिरवली. मागची बाजू समोर आल्यावर त्यांनी हात वर केला. ओढा वळतो तिथून थोडं वर, सपाटीवर त्यांनी बोट ठेवलं. जराही चाचपडले नाहीत.

मी आधी तिथे ब्रशने निळा रंग मारला. तांबडं केलं की दगड दाट पडतात, निळं केलं की तिथली दाटी शून्य होते, विखुरलेलं काहीच उरत नाही. पसरलेले दगड गेले आणि एक मोकळं वर्तुळ राहिलं. मग एक दगड मी वेगळा, हाताने आणून ठेवला. नोडशी त्याचा संबंध नव्हता, त्यामुळे सीड कितीही बदललं तरी तो हलणार नव्हता.

"केवढा होता?" मी विचारलं.

बाबांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. "येवढा. एकट्यानं उचलला मी. चपटी बाजू वर ठेवली होती."

मी दगड लहान केला, फिरवला. "अजून जरासा," ते म्हणाले. मग म्हणाले, "बस. असाच."

माझे डोळे भरून आले. हजारो दगडांना मी आकड्यांच्या भरवशावर सोडून दिलं होतं, आणि हा माणूस इतक्या वर्षांनी एका दगडाची बाजू सांगत होता.

"मले तिथं जाचं हाय," आई म्हणाली. मग एकदम, "मुरूम नेला थो त्याच बाजूनं ना?"

"त्या जागेले हात नाही लागला," बाबा म्हणाले. उत्तर फार लवकर आलं.

रंगासाठी मी टेकडीचा ताजा उपग्रह फोटो घेतलेला होता. आई चहा ठेवायला आत गेल्यावर तो उघडून बघितला. ओढ्याचं वळण होतं. त्याच्या वर सरळ कापलेली कड आणि खाण, तळाला हिरवं पाणी. बाबांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. त्यांना तो बघायची गरज नव्हती.

"तिले नको सांगू," ते एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि तो कुठे काढावा हे कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो. बाबांनी खाणीकडची वाट धरलीच नाही. अलीकडच्या उतारावर, एका पळसाजवळ ते थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि एका दगडाकडे बोट केलं. तो दगड अर्धा जमिनीत रुतलेला होता, आणि चपटी बाजू त्याला नव्हतीच. चार माणसांनाही तो हलवता आला नसता. मला ओरडावंसं वाटलं.

आई खाली बसली. पदराने तिने दगडावरची माती पुसली. मग मान वळवून मला विचारलं, "हाच ना, बाई?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

"हो आई. हाच."

ती बराच वेळ बसली, रडली आणि मोकळी झाली. येताना तर पळसाच्या पानांबद्दल बोलत होती.

घरी आल्यावर तिने मला लॅपटॉप उघडायला लावला. "तू थो दगड चुकीच्या जागी ठेवला होता. तुह्या बाबाले त्याच्यात काय समजते. तिकडं पळसाजवळ आण."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी दगड उचलून अलीकडच्या उतारावर आणला, पळसाशेजारी टेकवला. आई बघून म्हणाली, "आता बरोबर."

बाबा उठून बाहेर गेले.

टेकडी फिरवली तर मागच्या सपाटीवर ते मोकळं वर्तुळ तसंच होतं. आईने त्यावर बोट ठेवलं. "इथं रिकामं दिसते वं. दोन-चार टाक की."

मी ब्रश घेतला आणि निळ्यावर तांबडा रंग ओढला. टेकडीवरचं दुसरं काही हललं नाही. फक्त त्या सपाटीवर दगड येऊन पडले, कसेही फिरलेले, लहानमोठे, आणि जागा दिसेनाशी झाली.