नवरदेवासाठी तीन मिनिटं

"उघडून बघूया," असं म्हणत तो खिशातून पेचकस काढायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. पंखा चालू असला तरी तो जरा जास्तच शांत चालतोय, एवढं कारण त्याला पुरायचं.

तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक असल्यामुळे दिवसभर माइकवर 'चिपळूणकडे जाणारी गाडी फलाट चारवर लागली आहे' म्हणायचो, आणि तेवढ्यावर स्वतःला वक्ता समजायचो.

त्याचं लग्न ठरलं. स्वागत समारंभात कोकमचे पेले उंचावून मित्राने तीन मिनिटांत दोन शब्द बोलायचे, अशी नवरीची हौस होती. मी चार पानं लिहिली. सात किस्से, सगळे त्याची फजिती करणारे. मला ते फार विनोदी वाटले होते. ते त्याच्या मोठ्या बहिणीला, ताईला, वाचून दाखवले.

ताई मासे साफ करत होती. तिने प्रत्येक किश्शाला एकच विचारलं, "ह्याला हसणार कोण? आणि मान खाली घालणार कोण?"

दहावीत नापास झाल्याचा गेला. वडिलांनी चपलेने मारल्याचा किस्साही गेला. "बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत, मेल्या." गणपतीतल्या बाटलीचा उच्चारसुद्धा नको. आणि आधी एकदा जमलेलं, साखरपुड्यानंतर मोडलेलं लग्न? ताईने सुरी खाली ठेवली. "नवरीकडच्यांना आम्ही सांगितलंय. पण दोनशे पाहुण्यांना सांगायची तुला काय गरज?"

उरला एक किस्सा. ह्याच नवरीला बघायला गेला तेव्हा तिच्या घरचा मिक्सर आवाज करत होता. ह्याने चहा येईपर्यंत तो उघडलान. परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला. मिक्सर मात्र आवाज न करता फिरू लागला.

"हा चालेल," ताई म्हणाली, "पण मिक्सर त्यांचा आहे. तिच्या आईला आधी विचार. आणि सुरुवात स्वतःपासून कर. तुला हसले की मग त्याला हसायला कुणाला जड जाणार नाही."

लग्नाच्या दिवशी मी नवरीच्या आईला गाठलं. बाई हसल्या. "सांगा की. पण जुना, खटारा असं काही म्हणू नका हं. माझ्या भावाने दिलाय तो." मी तिथेच 'खटारा' खोडला.

माइक हातात आला आणि तोंडातून निघालं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." हे काही मी लिहिलेलं नव्हतं. सभागृह हसलं. मग मी सांगितलं की ह्याने माझी स्कूटर उघडली, तेव्हा सुटे भाग सांभाळायचं काम माझं होतं आणि मी त्यातला एक चहाच्या कपात टाकला. लोक आणखी हसले. मिक्सरवर तर नवरीचे वडीलही हसले. नवरीची आई मिक्सर देणाऱ्या मामाकडे बोट दाखवत होती, मामा ऐटीत मान हलवत होते.

इथे थांबायला हवं होतं. पण हशा फार वाईट. मला वाटलं, आता आपण काहीही बोललो तरी चालतंय. मी कागद खाली केला आणि म्हणालो, "यापूर्वीही एकदा ह्याचं..."

तो व्यासपीठावर एकदम स्तब्ध झाला. हसू चेहऱ्यावरच राहिलं होतं, डोळ्यांतलं गेलं होतं. ताई पदर घट्ट धरून माझ्याकडे बघत होती.

"...ह्याचं डोकं," मी म्हणालो, "माझ्या घरच्या टीव्हीत अडकलं होतं. पाठीमागून. बाहेर मी काढलं, आणि टीव्ही अजून बंद आहे." टीव्ही बंद असल्याचं खरं होतं. डोक्याचं मी तिथेच रचलं. मग घाईघाईने नवरीकडे वळलो. "वहिनी, बिघडलेली वस्तू टाकून द्यायची असते हे ह्याला ठाऊक नाही. माणसांचंही तसंच. मी वीस वर्षं टिकलोय, तो पुरावा समजा. दोघांसाठी पेले उंच करूया!"

दोनशे कोकमचे पेले वर गेले. माझा अर्धा सदऱ्यावर सांडला.

त्या भाषणाबद्दल तो कधीच काही बोलला नाही. वर्षभराने त्याला मस्कतच्या गोदीत काम मिळालं. आधी मुंबई, मग विमान. मी दोघांना रत्नागिरी स्टेशनवर सोडायला गेलो. तो सामान लावायला आत गेला, तेव्हा वहिनी खिडकीशी आल्या.

"भावोजी, तुमच्या टीव्हीत ह्यांचं डोकं मावेल का हो?"

माझा चेहरा पडला असावा.

"मला सगळं ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या मावश्या होत्या तिथे. तुम्ही थांबलात. त्या रात्री हे मला म्हणाले, 'तो मधेच घाबरून थांबला ना, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्याला माझी किती काळजी आहे.'"

गाडी हलली. तो दारात आला, पण बोलायला वेळ उरला नव्हता. त्याने नुसता हात वर केला, आणि वळणाआड डबा जाईपर्यंत तो खाली घेतला नाही.