घाई नाही म्हटलं होतं

माझा धंदा मासोळीच्या पिल्लांचा. सिंदेवाहीच्या अलीकडे, घरामागे माझी खोदलेली सहा लहान तळी आहेत. पाऊस लागला की जिऱ्याएवढं बारीक बी आणायचं, ढेप म्हणजे पेंड आणि कोंडा घालून महिना-दीड महिना पोसायचं आणि बोटाएवढं झालं की तलाववाल्यांना द्यायचं. बी, ढेप, मजूर, सगळं आधी माझ्या खिशातून जातं. म्हणून नव्या गिऱ्हाईकाकडून निम्मी रक्कम इसार म्हणून हातात पडल्याशिवाय त्याच्यासाठी तळं भरायचं नाही, हा माझा नियम. जुन्यांना तो ठाऊक आहे. नव्यांना सांगावा लागतो, आणि तिथंच माझं घोडं पेंड खातं.

मागे एकदा एका म्हाताऱ्या गुरुजींना मी तोंडावर म्हणालो होतो, पैसे आधी ठेवा, मग बोलू. ते तडक उठले. आम्ही का पळून जाणार आहो काय, म्हणाले, आणि चहा तसाच टाकून निघून गेले. पुढे चौकाचौकात माझी बदनामी झाली ती वेगळीच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बचत गटाच्या अध्यक्षबाई आल्या. सोबत दोघीजणी. दहा बायांनी मिळून गावची बोडी, म्हणजे गावाचा लहान तलाव, ग्रामपंचायतीकडून पहिल्यांदाच ठेक्यानं घेतली होती. पहिला हप्ता भरून झाला होता, दुसरा मासोळी विकून भरायचा होता. बाई वहीत एकेक गोष्ट लिहून घेत होत्या. रोहू किती, कटला किती, गाडीत डबे कसे ठेवायचे. पैशाचं त्यांनी स्वतःहून विचारलं. भाऊ, आधी काही द्यावं लागते काय?

एवढा सरळ प्रश्न! निम्मे आधी लागतात, सगळ्यांकडूनच घेतो, त्यातून तुमचं बी नि ढेप येते, ते आले की तुमचं तळं भरतो आणि पावती देतो. एवढंच बोलायचं होतं. त्यात अविश्वास कुठं आला? पण मला गुरुजींचा चहा आठवला आणि मी गोड झालो.

"इसार असते बाई, पण तुमच्यावर विश्वास आहे. घाई नाई. जमन तसं पाठवा."

त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान पसरलं. बायकोनं भाजीभाकर खाऊ घातली, तिघी खुशीत गेल्या. बायको मात्र मागून म्हणाली, इसाराशिवाय तळं भरत नाई, हे सांगितलं काय त्यायले? मी म्हणालो, समजते लोकायले. तू नको शिकवू.

पाऊस लागला. मी इसाराची वाट पाहत राहिलो. फोन करायला कितीदा मोबाईल हातात घेतला. पण घाई नाई म्हणून मीच बोललो होतो, आता कोणत्या तोंडानं मागू? मग एका जुन्या गिऱ्हाईकाचे पैसे आले आणि बाईंसाठी राखलेलं सहावं तळंही त्याच्यासाठी भरून टाकलं. बाईंना ते कळवलंसुद्धा नाही. लाज वाटली, दुसरं काय.

पोळा झाल्यावर त्या छोटा हत्ती टेम्पो घेऊन दारात उभ्या राहिल्या. धुतलेले डबे, आत स्वच्छ पाणी, तिघींच्या अंगावर ठेवणीतली लुगडी. मी खाली मान घालून सांगितलं की तुमचं बी टाकलंच नाही, इसार आला नव्हता. बाईंनी पिशवीतून रुमाल काढून सोडला. सगळी रक्कम होती, निम्मी नाही, पूर्ण.

"पैसे त जेठातच जमले होते, भाऊ. तुमी घाई नाई म्हटलं, म्हणून पेटीत ठेवले."

मी चार ठिकाणी फोन फिरवले. सगळ्यांचं बी आधीच बोललेलं. शेवटी कुठून तरी नखाएवढी पिल्लं मिळवून दिली, एक पैसा न घेता. पण बोडीत मरळ होती, लहान मासे खाणारी. एवढुशी पिल्लं मरळ सोडते काय? उन्हाळ्यात जाळं टाकलं तेव्हा घरी वाटून खायलाही पुरली नाहीत. दुसरा हप्ता थकला आणि पंचायतीनं बोडी एका ठेकेदाराला दिली.

ठेकेदार माझ्यासाठी नवाच. त्यानं न मागता निम्मे पैसे पाठवले. यंदा त्याचं बी घेऊन मीच त्या बोडीवर गेलो. डबे उतरवायला मजुरीच्या बाया होत्या, त्यात अध्यक्षबाईही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी डबा उचलला, काठावर टेकवला, बोडीचं पाणी ओंजळीनं हळूहळू आत घातलं. पिल्लांना पाण्याची सवय अशीच करायची असते, हे मीच सांगितलं होतं, त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. मग त्यांनी डबा आडवा केला आणि पिल्लं जाताना पाहत राहिल्या.

"या ठेकेदाराले सांगितलं होतं काय भाऊ, पैसे आधी लागते म्हणून?"

नाही, त्याला ठाऊक होतं, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुढचा डबा आणायला गाडीकडे गेल्या.