व्हायवाच्या मावशी

मनोरुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात खिडकीपासून दुसरी खाट मावशींची होती. थोडीथोडकी नाही, चोवीस वर्षं. तेवढ्या काळात तीन मोठे डॉक्टर बदलले, भिंती पिवळ्याच्या निळ्या झाल्या, आणि मावशींच्या कानातले आवाज ओरडण्यावरून कुजबुजीवर आले. वेळेवर गोळ्या घेतल्या की ते आवाज पलीकडच्या खोलीत कुणी बोलत बसावं इतपतच राहत. मावशींनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'शेजारी'. शेजारी बडबडतात, आपण आपलं काम करत राहावं, असं त्यांचं सरळ धोरण होतं.

मावशींचं काम म्हणजे कामाच्या खोलीत शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवणं. पण त्यांना नाव पडलं ते दुसऱ्याच कामामुळे. नर्सिंगच्या मुलींची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, जवळ आली की प्रत्येक टीचरला शांत, नीट बोलणारी आणि मुलींसमोर बसायला राजी असणारी पेशंट हवी असे. ती दरवर्षी एकच मिळे. म्हणून त्या व्हायवाच्या मावशी.

मुली पांढऱ्या गणवेशात यायच्या, आपलं नाव सांगायच्या, बोलायला चालेल का ते विचारायच्या, किती वेळ आणि किती दिवस भेटणार ते ठरवायच्या. तुमचं बोलणं फक्त तुमच्यावर उपचार करणाऱ्यांपर्यंतच जाईल, हेही पाठ केल्यासारखं सांगून टाकायच्या. मग वहीत रकाने पडायचे. मावशी काय म्हणाल्या, मी काय म्हणाले, त्यात कोणतं तंत्र वापरलं, कुठे वाट अडवली. इतक्या वर्षांत मावशींना ते रकाने मुलींहून पक्के झाले होते.

एखादी पोर 'का' विचारू लागली की मावशी तिला हळूच थांबवत. "का म्हटलंस की माणूस सफाई द्यायला लागतो बघ. तेव्हा काय झालं, असं विचार." एखादी घाबरून भराभर बोलू लागली की म्हणत, "आता माझा गळा दाटलाय ना, मग गप्प बस. आणि घड्याळाकडे बघू नकोस, मला दिसतं." एकदा एका मुलीनं मोठ्या मायेनं त्यांचा हात धरून सांगितलं, काळजी करू नका, सगळं छान होईल. मावशींनी विचारलं, "तुला कुणी कळवलं? मला तर चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नाही." सगळा वॉर्ड हसला. मुलगी रडवेली झाली, तेव्हा मावशींनीच तिला जवळ बसवून खोटा दिलासा म्हणजे काय ते समजावलं. ती मुलगी त्याच प्रश्नावर पास झाली म्हणतात.

मावशींचं स्वतःचं म्हणावं असं माणूस एकच. दादा. त्यांचा थोरला भाऊ, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. लग्न मोडलं, आईवडील गेले, बाकीची नाती हळूहळू पांगली, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा यायचाच. फार बोलायचा नाही. चष्मा कपाळावर सरकवून तो आधी कामाच्या खोलीत जायचा, मशीनचं झाकण उघडायचा आणि जिथे जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथे तेलाचा एकेक थेंब सोडायचा. मग दोघं बाकावर बसून लिमलेटच्या गोळ्या चघळायची. निघताना म्हणायचा, "मशीन ओढून चालवत नको जाऊस गं." तेलाची कुपी मात्र मशीनच्या खणात ठेवून जायचा.

यंदा एका पहिल्या रविवारी दादा आला नाही. तापानं पडलाय, असा वहिनीचा निरोप आला. पुढचाही पहिला रविवार कोरडा गेला. मशीन कुरकुरू लागलं. कामाच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, आपणच तेल घालू या की. मावशींनी खणावर हात ठेवला. दादा घालेल, म्हणाल्या. त्या ऐकेनात.

त्यांनी इन्चार्ज सिस्टरना विचारलं, दादाचा काही निरोप? सिस्टर तोंडानं फटकळ पण मनानं चांगल्या. एरवी अशा प्रश्नावर "मी काय पोस्टात आहे का," म्हणणाऱ्या. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "येतील हो, गुडघे दुखत असतील." आणि लगेच विचारलं, जेवलात का? मावशींच्या मनाला खट्कन काहीतरी लागलं. दुसऱ्या दिवशी टीचरना विचारलं, तर त्या अभ्र्यांच्या शिलाईचं कौतुक करू लागल्या. आयाबाई म्हणाली, उगाच नको ते मनात आणू नका. मावशी रात्री खाटेवर पडून बोटं मोजत राहिल्या. खोटा दिलासा एक, विषय बदलणं दोन, भावना उडवून लावणं तीन. ज्या वॉर्डात शेकडो मुलींना हे करू नका म्हणून शिकवलं, तिथल्या सगळ्या बायका एकाच माणसाचं नाव निघालं की तेच करत होत्या.

मनाला समजावायचं म्हणून मग त्या दादावरच रागावल्या. वहिनीनं अडवलं असेल. म्हाताऱ्याला बहिणीचा कंटाळा आला असेल. राग परवडला, कारण त्यात माणूस जिवंत असतो.

त्या वर्षी त्यांच्या वाट्याला आलेली मुलगी बोलायला फारच जड. मैत्रिणी तिला घुमी म्हणत, मावशीही तेच म्हणू लागल्या. तिची वही बघून टीचर कपाळावर हात मारायच्या, कारण अर्ध्या ओळींपुढे एकच शब्द असे, शांतता. पण मावशींना तिच्याजवळ बसायला बरं वाटे. घुमीचे डोळे कुठे पळत नसत. गेले काही दिवस मात्र पळू लागले होते.

परीक्षेच्या दिवशी मावशी इस्त्रीची साडी नेसून दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. आत आधी तोंडी प्रश्न, मग मावशींना बोलावून दहा मिनिटांचा संवाद, अशी रीत. दार नीट लागत नसे, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येई. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंचा आवाज संथ होता. घुमीनं मोकळा प्रश्न सांगितला, पेशंटचे शब्द परत उच्चारणं सांगितलं, भावना ओळखून बोलून दाखवणं सांगितलं. मावशी बाकावर मान डोलावत होत्या.

"आता अडथळे," परीक्षक बाई म्हणाल्या. "खोटा दिलासा. पुस्तकातलं नको, वॉर्डातलं उदाहरण द्या."

घुमी म्हणाली, "पेशंट म्हणतात, भाऊ दोन महिने आला नाही. नर्स म्हणते, येतील हो."

"धीरच दिला की. त्यात चुकलं काय?"

"धीर नाही बाई. नर्सचं ओझं उतरतं. पेशंटची भीती आत राहते, आणि ती बोलून दाखवायचं दार बंद होतं."

"मग काय म्हणाल?"

"तुम्ही त्यांची वाट बघताय, काळजीत दिसता. त्याबद्दल सांगाल का मला?"

"छान. आणि समजा, भाऊ आता येणारच नाही हे नर्सला माहीत असलं, तर?"

प्रश्न साधाच होता, परीक्षक बाईंना काय ठाऊक. पण आत टीचरची खुर्ची करकरली. मग घुमीचा आवाज आला, फाटलेला. "मग तो दिलासासुद्धा नाही बाई."

बाकावर मावशींनी पदर बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आयाबाईनं हाक मारली तेव्हा त्या उठल्या आणि आत जाऊन बसल्या. घुमीनं नेहमीसारखं सांगितलं, दहा मिनिटं बोलू या, चालेल ना. तिचे डोळे लाल होते. कशाबद्दल बोलावंसं वाटतं, असं तिनं विचारलं.

"माझा दादा गेला ना गं?" मावशी म्हणाल्या.

टीचर घाईनं पुढे झाल्या. ते आपण मागाहून बोलू हं मावशी, आज मुलींची परीक्षा आहे. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. "टीचर, हे विषय बदलणं झालं."

परीक्षक बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. घुमी उठली. टेबलापलीकडची आपली खुर्ची तिनं उचलून मावशींच्या शेजारी आणली आणि बसली.

"मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "मला थोडंच माहीत आहे. नीट सगळं सिस्टरना माहीत आहे. त्यांना आत्ता बोलावते. मी इथून हलणार नाही."

सिस्टर आल्या, बरोबर ड्यूटीवरच्या डॉक्टर. कायम उभ्या राहून बोलणाऱ्या सिस्टर कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढून मावशींच्या समोर बसल्या. त्यांनी शब्द गोल फिरवले नाहीत. "मावशी, तुमचे दादा वारले. तेवीस दिवस झाले. हॉस्पिटलमध्ये, झोपेत. वहिनींचा फोन आला होता, तुम्हाला सोसणार नाही, सांगू नका म्हणाल्या. आणि मी म्हटलं, परीक्षा होऊन जाऊ दे. माझं चुकलं."

 तोंडात लिमलेटची गोळी धरल्यासारखे मावशींचे ओठ हलत होते. कुणी त्यांना रडू नका म्हटलं नाही, पाणी पुढे केलं नाही. घुमीचा हात खुर्चीच्या दांडीवर उघडा पडला होता. थोड्या वेळानं मावशींनी आपला हात त्यावर ठेवला.

"तेवीस दिवस मी त्याच्यावर रागावले होते," त्या म्हणाल्या.

 घुमी नुसती तिथे बसून राहिली. सिस्टर स्टुलावरच होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. परीक्षक बाईंनी पुढच्या मुलीला दुसऱ्या खोलीत घ्यायला सांगितलं आणि पावलं न वाजवता बाहेर गेल्या.

पुढचे काही दिवस शेजारी फार बडबडले. मावशींचं जेवण, झोप, सगळ्यावर लक्ष होतं. डॉक्टर रोज येऊन बसत. सिस्टरनी वहिनीला बोलावून घेतलं. दोघी बाकावर एकमेकींकडे न बघता बसल्या, आणि मग वहिनीनं पिशवीतून दादाचा चष्मा काढून मावशींच्या मांडीवर ठेवला. शेवटी माझं नाव घेत होता का, असं काही मावशींनी विचारलं नाही. वहिनीनंही खोटं काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी घुमी सहीसाठी राहिलेली वही न्यायला आली. पास झालीस का, मावशींनी विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली. काय लिहिलंस त्या दिवसाचं? घुमीनं वही उघडून दाखवली. मावशींचं एक वाक्य, आणि पुढचे तिन्ही रकाने कोरे.

"टीचर ओरडतील," मावशी म्हणाल्या.

"ओरडल्या नाहीत."

मावशी तिला कामाच्या खोलीत घेऊन गेल्या. मशीनचं चाक हातानं फिरवलं, ते अडत, रडत फिरलं. त्यांनी खण उघडला, कुपी काढली. दादाचा चष्मा त्यांच्या डोळ्यांना मोठा होता, सारखा घसरत होता. तो कपाळावर सरकवून त्या वाकल्या आणि दिसेल तसा, अंदाजानं, पहिला थेंब सोडला.

घुमी ओघळ पुसायला फडकं घेऊन शेजारी उभी राहिली.