आमच्या कुत्र्याची लिफ्ट

विजय नगरच्या आमच्या सोसायटीत एका सकाळी लिफ्टच्या दारावर नोटीस लागली: 'पालतू कुत्तों का लिफ्ट में प्रवेश वर्जित है.' आम्ही चौथ्या मजल्यावर. कुत्रा म्हातारा, मागचे पाय अधू. जिना त्याला जमतच नव्हता. मी भडकले, आणि लगेच लिहायला बसले. भांडणात मी नेहमी जिंकते, पण त्यानं काम होत नाही.

"काहून लिहून राहिली? जाऊन बोल ना सरळ," नवरा म्हणाला.

मला तोंडी शब्द नको होता. कमिटीच्या नावाने हिंदीत अर्ज केला. अशी सरसकट बंदी कमिटीला घालता येत नाही. नियम करा, सभेत ठरवा, सगळ्यांना सारखे लावा. गळ्यात पट्टा हवा, घाण मालकानं उचलावी, रेबीजच्या लसीचा दाखला द्यावा. शेवटचं कलम मी आमच्याच विरुद्ध घातलं: लिफ्टमध्ये आधीपासून कुणी घाबरणारं असेल, तर कुत्रेवाल्यानं थांबावं. ते अध्यक्षांच्या बायकोसाठी होतं. लहानपणी माहेरी, घमापुरात, तिला कुत्रा चावला होता, आणि नोटीस तिच्याच भीतीपायी लागली होती. तिचा मला राग येत नव्हता. सचिवांकडून माझ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला.

उत्तर आलं नाही. नवरा कुत्र्याला उचलून जिना उतरायचा आणि धापा टाकत माझ्याकडे बघायचा.

पितृपक्षात अध्यक्षांचा इंटरकॉम आला. त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. गायीचा, कावळ्याचा घास निघाला होता, कुत्र्याचा राहिला होता. "भाभीजी, ज़रा उसे नीचे ले आइए."

"लिफ्ट में मना है, भाईसाहब," मी म्हणाले. असं बोलायला मिळालं म्हणून मला फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं कुत्र्याच्या घासाची पत्तल घेऊन तेच वर आले. खिरीच्या वासानं कुत्रा उठायला गेला आणि मागून घसरला. अध्यक्ष खाली बसले, पत्तल त्याच्या तोंडाशी सरकवली.

"इससे चला नहीं जाता?"

"सीढ़ी नहीं उतर पाता. अर्ज़ी में लिखा है."

"अर्ज़ी मैंने पढ़ी नहीं," ते म्हणाले. मी माझी प्रत आणून हातात दिली. त्यांनी तिथंच बसून वाचली. शेवटचं कलम दोनदा वाचलं.

पुढच्या सभेत नियम मंजूर झाले, लिफ्टच्या दारावरची नोटीस काढून टाकली. दुसऱ्याच सकाळी मी कुत्र्याला घेऊन लिफ्टपाशी उभी राहिले. दार उघडलं, तर आत अध्यक्षांची बायको. माझंच कलम, मी पट्टा आवळून मागे सरले.

ती भिंतीला चिकटली. पदर मुठीत, डोळे घट्ट मिटलेले.

"आ जाइए," ती म्हणाली. "बाबूजी का ग्रास इसी ने खाया है."