डॉलरचं कर्ज आणि कडक अभ्रे

अन्याय झाला तो इंदूरच्या मल्हारगंजातल्या अकरा बायकांवर. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, राजवाड्याजवळच्या बँकेत त्यांना कळलं की ज्या कागदावर त्यांनी सही केली होती त्याचा अर्धाच अर्थ त्यांना सांगण्यात आला होता.

या अकराजणींचे नवरे बंद पडलेल्या मिलमधले. फाटकाला कुलूप लागलं, थकलेले पगार कोर्टात अडकले, आणि या बायकांनी एका दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन संस्था काढली. उशांचे अभ्रे शिवायचे. संस्थेच्या अध्यक्ष आमच्या गल्लीतल्या मावशी. त्यांचे यजमान, आमचे काका, मिलच्या फिनिशिंग खात्यात तीस वर्षं होते; इथेही अभ्र्यांना खळ-इस्त्री तेच करत. मी मिलच्या फाटकावर वाटायची पत्रकं लिहीत असे. इंग्रजी येतं म्हणून पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला.

पहिली परदेशी ऑर्डर आली, साडेअकरा हजार डॉलरची. कापड घ्यायला पैसा हवा होता. बँकेच्या साहेबांनी दोन दरवाजे दाखवले. रुपयात कर्ज घ्या, तेरा टक्के. नाहीतर हे नवीन निघालंय, माल पाठवायच्या आधीच डॉलरमध्ये कर्ज, व्याज आठाच्या आत. मावशींनी विचारलं, यात गोम काय? साहेब हसले. म्हणाले, "गोम काही नाही हो. ब्याज कम, बस्स."

दहा हजार डॉलर घेतले. डॉलर तेव्हा एकतीसच्या वर थोडा होता. बँकेनं त्या दिवशीच्या भावानं रुपये करून खात्यात टाकले, तीन लाख दहा हजारांच्या जरा वर. कापड आलं, मशिनी धडधडू लागल्या.

मग सप्टेंबरात रुपया घसरायला लागला. डॉलर बत्तीस झाला, तेहतीस झाला. मी भडकले. रात्रंदिवस खपणाऱ्या बायकांच्या डोक्यावर डॉलरचं कर्ज, आणि डॉलर रोज महाग. 'तुमच्या घामावर सट्टा' असं मथळ्याचं पत्रक मी तयारसुद्धा केलं.

मावशींनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "तू हिशेब न करताच ओरडतेस. कर्ज डॉलरचं, आपल्याला येणारा पैसाही डॉलरचा. बिल गेलं की बँक त्यातूनच डॉलर कापून घेणार. मग डॉलर चाळीसचा होवो, आपल्याला काय?"

बरोबर होतं. पण पत्रक फाडलं नाही.

मग गुरुवारी परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस आला. तीन हजार अभ्रे घड्या घालून तयार होते, कडक, चकचकीत. त्यानं एक उचलला, गालाला लावला आणि मान हलवली. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, खळ नको, मऊ धुलाई हवी. काकांनी प्रत्येक अभ्र्याला दाट खळ चढवली होती. मिलमध्ये चांगला माल म्हणजे कडक माल. कापड हातात कडकड वाजलं पाहिजे, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. आणि ऑर्डरचा तो इंग्रजी कागद वाचून दाखवला होता मी. किंमत वाचली, तारीख वाचली, आणि पुढचं कपड्याचं आहे, ते काकांना कळतंच, म्हणून सोडून दिलं होतं.

तपासनीस म्हणाला, पुढच्या शुक्रवारपर्यंत मऊ करून दाखवा, नाहीतर ऑर्डर रद्द.

म्हणून शनिवारी आम्ही सगळ्याजणी बँकेत गेलो. मावशींनी सरळ विचारलं, ऑर्डर रद्द झाली तर कर्जाचं काय? साहेबांनी कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. मग आम्हाला बाजारातून डॉलर विकत घेऊन कर्ज फेडावं लागेल, आजच्या विक्रीच्या भावानं, म्हणजे चौतीसच्या वर. घेतले एकतीसनं, फेडायचे चौतीसनं. दहा हजार डॉलरवर जवळपास तीस हजारांचा खड्डा. वर स्वस्त व्याजही गेलं. माल गेलाच नाही तर पहिल्या दिवसापासून देशी दरानं, दंडासकट.

मी म्हटलं, "हे तुम्ही सहीच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"आपने पूछा नहीं."

"मावशींनी विचारलं होतं. गोम काय, असं विचारलं होतं."

साहेब फाइल चाळायला लागले. मला तिथेच पत्रक वाटावंसं वाटत होतं. मावशींनी माझा दंड धरून बाहेर काढलं. पायरीवर म्हणाल्या, "भांडण सोमवारी कर. आज हात दे."

काका दोन दिवस जेवले नाहीत म्हणाल्या मावशी. मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगितलं, कागद मी अर्धा वाचला, तुमची चूक नाही. ते म्हणाले, "कारीगर मी आहे ना? विचारायला पाहिजे होतं, कसा पाहिजे म्हणून." मग उठले. जुनी इंदूर मोहल्ल्यात त्यांच्या ओळखीचा रंगारी होता, त्याचे दोन हौद आठवडाभर मागून घेतले. म्हणजे हात जोडून मागितले. आयुष्यात प्रथमच, असं मावशी म्हणतात.

नळाला एक दिवसाआड पाणी. टँकर आणला. गरम पाण्यात खळ सोडवायची, तीनदा खंगाळायचं, पिळायचं नाही, नाहीतर चुण्या. मिलचे सात-आठ जुने कामगार आपणहून आले. बायका त्यांना हसत होत्या, की घरात कधी बनियन धुतली नाही, भिया, आणि आता परदेशाच्या उशा धुताय. ऑक्टोबरचं ऊन चांगलं होतं. रंगाऱ्याच्या अंगणात, गच्चीवर, शेजारच्या दोन गच्च्यांवर पांढरे अभ्रे. काका प्रत्येक अभ्रा गालाला लावून बघत आणि नाखुशीनं म्हणत, "हो, झाला ढिला."

शुक्रवारी तपासनीस पास म्हणाला. माल ट्रकनं मुंबईला, तिथून बोटीवर. कागदपत्रं बँकेत दिली, बँकेनं गिऱ्हाइकाच्या नावचं बिल विकत घेतलं, त्यातून दहा हजार डॉलर आणि व्याजही डॉलरमध्येच कापलं. आम्हाला एकही डॉलर विकत घ्यावा लागला नाही. उरलेल्या डॉलरचे रुपये चौतीसच्या भावानं झाले.

आता खरा हिशेब सांगते, कारण साहेबांनी तोही सांगितला नव्हता. स्वस्त व्याजानं आमचे पाचेक हजार वाचले. पण कर्जाचे दहा हजार डॉलर आधीच एकतीसनं मोडले होते; रुपयातच कर्ज घेतलं असतं, तर सगळेच डॉलर चौतीसनं सुटले असते आणि जवळपास तीस हजार जास्त हाती आले असते. मी मावशींना म्हटलं, बघा, फसवलंच. त्या म्हणाल्या, "आणि रुपया वर गेला असता तर? मी मजुरी एकतीसच्या हिशेबानं ठरवली, ती बुडाली नाही. मला झोप लागली, ती कितीची?"

पुढची ऑर्डर दुप्पट आहे. या वेळी मावशी कर्ज अर्धं डॉलरमध्ये, अर्धं रुपयात घेणार आहेत, आणि सही करण्याआधी अकराहीजणी टेबलाभोवती बसून सगळा कागद मराठीत ऐकतात. वाचते मीच, शेवटच्या ओळीपर्यंत. काका मध्येच थांबवून विचारतात, धुलाई कशी लिहिलीय.

तुम्ही, जे हे वाचताय, उद्या कुठल्याही बँकेत कमी व्याजाच्या कागदावर सही करायला बसाल. पेन उचलू नका. आधी साहेबांना सांगा, माल गेला तर काय, आणि माल गेला नाही तर कुठल्या भावानं, हे दोन्ही माझ्या भाषेत लिहून द्या. देत नाहीत तोवर खुर्चीवरून उठू नका.