जाळीच्या उजेडातला राखाडी

त्या उन्हाळ्यात कपाटाच्या रंगांच्या पट्ट्यांनी मला अगदी पिळून काढलं. दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब अशा, प्लायवर चिकटवायच्या लॅमिनेटच्या पट्ट्या, एका साखळीत ओवलेल्या, असे तीन जुडगे दुकानदारानं घरी नेऊन बघायला दिले होते. जेवणाच्या टेबलावर, फ्रिजवर, कूलरवर, जिथं हात टाकावा तिथं पट्ट्या. पांढऱ्यातच वीस प्रकार. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, आयुष्यभर पांढऱ्याला पांढरा म्हणत आले.

नवरा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाला, तेव्हा क्वार्टर सोडून आम्ही हुडकेश्वरला हा फ्लॅट घेतला. दोन खोल्यांतली एक आमची. दुसरी छोटी, नऊ बाय दहाची. तिच्यात पाहुणे झोपायचे, आणि पाहुणे नसले की पापड आणि जुन्या गाद्या. दिवाळीनंतर आमची मुलगी सासरहून आली ती त्याच खोलीत राहिली. एक मोठी बॅग घेऊन आली आणि ती बॅग पलंगाखाली ढकलली. सहा महिने झाले तरी कपडे बॅगेतूनच काढत होती, धुऊन पुन्हा बॅगेतच ठेवत होती. मी झाडायला गेले की झाडू त्या बॅगेला अडायचा. बॅग जड, माझ्याच्यानं हलत नसे. मग मी तिच्या भोवतीनं झाडून बाहेर यायची, आणि दिवसभर माझं डोकं त्या बॅगेतच असायचं.

नवरा शेजाऱ्यांना सांगे, "चार दिवस आली आहे पोरगी." चार दिवसांचे सहा महिने झाले तरी त्याचं वाक्य बदललं नाही. मुलगी सकाळी लॅबमध्ये कामाला जायची, संध्याकाळी यायची, भाजीत मीठ कमी असलं तरी "चांगली झाली" म्हणायची. परत जाणार की नाही हे विचारायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी कपाट करायचं ठरवलं. भिंतीत बसवलेलं, तीन दारांचं, छतापर्यंत.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, रंग तिनंच निवडायचा. तिच्या लग्नात आम्ही कपाट दिलं होतं. तेव्हा मी एकटीच दुकानात गेले, मला आवडला तो गुलाबी रंग घेतला आणि तिला फोटो पाठवला. "छान आहे," एवढंच ती म्हणाली होती. ते कपाट अजून तिच्या सासरी आहे. त्या 'छान आहे'चा अर्थ मला चार वर्षांनी, ती परत आल्यावर, थोडा थोडा लागायला लागला होता.

तर मी विचारलं. चहा देताना विचारलं, डबा भरताना विचारलं.

"तुले कोणता पाहिजे, सांग ना वं."

"कोणताही लाव, आई."

"असं कसं कोणताही? तुलेच वापराचं आहे."

"तुले जो आवडते तो लाव ना. मले चालते."

मले चालते! हे दोन शब्द ऐकले की माझ्या डोक्याची शीर उठायची. एकदा मी जुडगा तिच्या ताटाशेजारीच आपटला. तिनं तो उचलून बाजूला ठेवला आणि वरण मागितलं.

सुतार भंडाऱ्याकडचा, पन्नाशीचा, कामात चोख आणि तोंडानं फटकळ. प्लायचे डबे उभे झाले होते, आत पांढरी पातळ शीट लागली होती, आता फक्त दारं राहिली होती. तो रोज विचारायचा, "काकू, रंग ठरला का?" आणि रोज सल्लाही द्यायचा. "खोली लहान आहे. फिका घ्या. गडद घेतला तं कपाट अंगावर येते." चकचकीत घेऊ नका म्हणाला, बोटांचे डाग दिसतात, आणि पलंग समोरच असल्यानं झोपलेल्या माणसाला दिवसभर आपलंच तोंड दिसतं. म्हणून मॅट ठरलं. लाकडाच्या रेषा असलेला नवऱ्याला हवा होता, क्वार्टरमधल्या जुन्या टेबलासारखा, पण तो गडद म्हणून बाद झाला. अखेर एके दिवशी सुतारानं हात झाडले.

"परवापासून माझं मानेवाड्याचं काम सुरू होऊन राहिलं. आज शीट सांगा, नाही तं मग दिवाळीच्या तोंडावर येतो."

मुलगी कामावर होती. मी फोन केला. ती म्हणाली, "आई, मी कामात आहे वं. तूच पाहा ना."

मग मीच पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते. त्या खोलीच्या एका खिडकीत कूलर बसवलेला, त्यामुळे तिकडून उजेड बंद. उरला गॅलरीचा दरवाजा, आणि गॅलरीला पश्चिमेचं ऊन अडवायला आम्ही हिरवी जाळी बांधली होती. आमच्या इमारतीत मे महिन्यात तशी जाळी नाही असं घर नसतं. त्या उजेडात मी पट्ट्या एकेक करून दाराच्या प्लायवर धरल्या. बऱ्याचशा मळक्या दिसल्या. एक मात्र स्वच्छ, शांत राखाडी दिसली, धुतलेल्या राखेसारखी. मला ती फार आवडली. उन्हाळ्यात डोळ्यांना गार वाटेल असं वाटलं. मी पट्टीमागचा नंबर सुताराला वाचून दाखवला आणि सुटले म्हणून गार पाणी प्याले.

संध्याकाळी दिव्याखाली तीच पट्टी जरा लालसर वाटली होती, हे कबूल करते. दिव्याचा दोष असेल म्हणून मी ती जुडग्यात परत घालून टाकली. पुन्हा निवडायची ताकदच माझ्यात नव्हती.

दारं लागली. शीटवर वरून दुधी रंगाचा प्लास्टिकचा पापुद्रा असतो. भिंती रंगवायला रंगारी यायचे होते, पुट्टीचे थेंब उडतील म्हणून नवऱ्यानं तो काढू दिला नाही. त्या पापुद्र्याआडून दारांचा रंग धड कळत नव्हता. मग रंगारी लांबले. जून संपत आला तेव्हा भिंती झाल्या. एका रविवारी नवऱ्यानं गॅलरीची जाळी सोडली, कूलर उचलून बाहेर ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून तिन्ही दारांचा पापुद्रा सोलला.

खोलीत खरा उजेड आला होता. आणि दारं गुलाबी होती.

फिकट, कांद्याच्या सालीसारखी गुलाबी. वीतभर पट्टीत जी छटा जेमतेम होती, ती छतापर्यंतच्या तीन दारांवर भरभरून आली होती. नवरा म्हणाला, "हा राखाडी आहे का?"  हिरव्या उजेडानं त्यातला लाल खाऊन टाकला होता, हे नंतर सुतारानं समजावलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की हा तोच रंग आहे. लग्नातल्या कपाटाचा. इतक्या पट्ट्यांतून 'फिरून फिरून भोपळे चौकात' म्हणतात तशी मी तिथंच येऊन उभी राहिले होते.

मुलगी बाजारातून आली. पिशवी हातातच. दारात उभी राहून तिनं बघितलं आणि पिशवी खाली टाकली.

"हे काय केलं, आई? पुन्हा तेच?"

"जाळीमुळे झालं वं. मले राखाडी दिसला होता."

"मले ते कपाट आवडलंच नव्हतं! चार वर्षं रोज सकाळी उठून ते पाहिलं मी. आता इथं बी तेच पाहू?"

"मग तेव्हा काहून नाही बोलली?"

"तू विचारलं होतं का?"

"या वेळी तं विचारलं ना! किती वेळा विचारलं! हात जोडायचे बाकी ठेवले मी."

मी ओरडत होते. नवरा दोघींच्या मधे पापुद्र्याचा गोळा हातात धरून उभा. मुलगी पलंगावर बसली, आणि आवाज उतरला तिचा.

"या वेळी मले सांगताच नाही आलं. रंग सांगितला म्हणजे पक्कं झालं असतं ना."

"काय पक्कं?"

"की मी जात नाही आता."

इतके महिने जे विचारायला मी घाबरत होते, ते तिनं असं सांगून टाकलं. मी तिच्याजवळ बसले. मला तिला कुशीत घ्यायचं होतं, पण ती रागात होती आणि मीही होते. म्हणून आम्ही दोघी नुसत्या त्या गुलाबी दारांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि एकटी दुकानात गेली. तिथून एक पट्टी घेऊन आली, गच्चीवर उन्हात धरली, खोलीत धरली, दिवा लावून धरली. गडद निळी. शाईसारखी. सुताराला बोलावलं. चिकटलेली शीट ओढली तर प्लायच्या पापुद्र्यासकट निघते आणि तिच्यावरच एका बाजूनं दुसरी चढवली तर दाराचा पल्ला वाकतो, तेव्हा दारंच नवी करावी लागतील, असं तो म्हणाला. मग पट्टी बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"ताई, एवढा गडद? खोली आणखी लहान दिसन."

"लहानच आहे ना खोली," ती म्हणाली. "मोठी काहून दाखवाची?"

सुतार माझ्याकडे वळला. त्याला सवयच लागली होती. "काकू, सांगू का मग शीट?"

"मले नका विचारू," मी म्हणाले. "खोली जिची आहे तिले विचारा."

नवरा दारातच उभा होता.  त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात विचारलं तेव्हा मी त्याला म्हणताना ऐकलं, "पोरगी इथंच असते आता."

निळी दारं लागली. गुलाबी दारांच्या फळ्या कापून सुतारानं स्वयंपाकघरात मांडणी करून दिली, तिच्यावर मी डाळींचे डबे ठेवते. खोली खरंच लहान दिसते. सुतार खोटं बोलला नव्हता.

चार-पाच दिवसांनी मी झाडायला गेले. सवयीनं पलंगाखाली झाडू जोरात घातला, आणि बॅग सरकून थेट भिंतीला जाऊन आपटली. रिकामी होती. मी निळं दार उघडून बघितलं. तिच्या साड्या, कामावरचे कुर्ते, हिवाळ्याचं स्वेटरसुद्धा, सगळं घडी करून लावलेलं. हेच तर मला हवं होतं. तरी मी तिथंच खाली बसले आणि रडले, कारण तिचा संसार मोडला हे मला तोवर कुणी असं उघडून दाखवलं नव्हतं. मग उठले, आणि कितीतरी दिवसांनी पलंगाखालचा सगळा कचरा काढला.